सगळे चेक जुळले, सगळा भरणा जुळला, तरी बँकेच्या मेळात ४५.३० चा फरक

वेलदोडा

नमस्कार मंडळी. आमच्या गृहनिर्माण सोसायटीची मी खजिनदार आहे (कोणी उभं राहिलं नाही म्हणून). हिशेब टॅलीच्या जुन्या आवृत्तीत आहे आणि नोंदी करायला एक अर्धवेळ हिशेबनीस येतात. खातं सहकारी बँकेत आहे. स्टेटमेंट पीडीएफमध्ये मिळतं, त्यामुळे ते टॅलीत आपोआप घेता येत नाही. स्टेटमेंट समोर ठेवून एकेका नोंदीपुढे बँकेची तारीख हाताने टाकावी लागते.

३१ मार्च २०२५ ची स्थिती अशी आहे:

पुस्तकाप्रमाणे बँकेतली शिल्लक: २,१८,७६४.५०
दिलेले पण न वटलेले तीन चेक मिळून: ४६,३००.००
भरलेला पण जमा न झालेला एक चेक: १२,८५०.००
म्हणजे बँकेत असायला हवेत: २,५२,२१४.५०
स्टेटमेंटवर आहेत: २,५२,१६९.२०

बँकेत ४५.३० कमी दिसतात. ते चारही चेक एप्रिलमध्ये बरोबर त्याच रकमेने वटले, ते पाहून झालं. स्टेटमेंटवरची एकही ओळ खुणेशिवाय नाही. फेब्रुवारीपर्यंतचा मेळ दर महिन्याला छापून कमिटीच्या सभेत त्यावर सह्या होतात, आणि तोवर फरक शून्य होता. तेव्हा चूक मार्चमध्येच असणार. पण मार्च पालथा घातला तरी ४५.३० हा आकडा कुठेच सापडत नाही. आणखी काय बघू?

---

गणोबा

पहिली चाचणी नऊची. आकड्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे ५४ चे ४५ झाले असतील, तर फरकाला नेहमी नऊने पूर्ण भाग जातो. ४५३० पैशांना नऊने भाग जात नाही (४+५+३ = १२). तेव्हा अदलाबदल नाही, तो विषय डोक्यातून काढून टाका.

दुसरी चाचणी निम्म्याची. नावेची रक्कम जमेला गेली की फरक दुप्पट होतो. तुमचं निम्मं २२.६५. अशी नोंद आहे का?

दोन्ही नसेल तर बँकेचे चार्जेस आहेत, डोळे मिटून.

---

वेलदोडा

२२.६५ कुठेच नाही. मार्चमध्ये बँकेने एसएमएसचे १७.७० कापलेत, ते टॅलीत आहेत. बाकी चार्जेस नाहीत.

---

सांगलीचा_दुकानदार

ताई, हे कार्डच्या मशीनचं आहे, मी रोज भोगतो. गिऱ्हाईक क्रेडिट कार्डने ५,००० देतं, मी पुस्तकात ५,००० लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जमा होतात ४,८९३.८०. माझ्या मशीनचा दर १.८ टक्के, म्हणजे ९० रुपये, आणि त्यावर जीएसटी १६.२०. महिनाअखेरीस काही केल्या मेळ बसत नाही. तुमच्याकडेही कोणीतरी मेंटेनन्स कार्डने भरला असणार.

---

वेलदोडा

आमच्याकडे कार्डाचं मशीनच नाही हो. चेक, एनईएफटी आणि यूपीआय एवढंच. आणि जमेच्या सगळ्या रकमा पैशापर्यंत बरोबर आहेत.

---

चालतंय_की

पंचेचाळीस रुपये! अहो, 'बँक चार्जेस' खाती नावे टाका आणि झोपा. एवढ्या वेळात तुमचे पाचशेचे चहा झाले असतील. आमच्या सोसायटीत आम्ही शंभराच्या आतला फरक असाच वळता करतो, ऑडिटर काही म्हणत नाही.

---

खतावणी

वेलदोडाताई, वर कोणी विचारलं नाही ते आधी विचारतो. फेब्रुवारीचा मेळ शून्य होता हे तुम्ही *छापलेल्या कागदावरून* सांगताय की *आज टॅलीत उघडून*?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद सांगतो की छापला त्या दिवशी हिशेब जुळत होता. त्यानंतर कोणी मागच्या तारखेच्या पावतीला हात लावला असेल, तर कागदाला त्याचा पत्ता नसतो. टॅलीत मागची नोंद बदलता येते, पुसून पुन्हा घालता येते, आणि तुमची सही असलेला कागद फाइलमध्ये निवांत पडून राहतो.

म्हणून ४५.३० शोधणं आता सोडा. या आकड्याला स्वतःचा अर्थ असेलच असं नाही. आधी फरक *कधीपासून* आहे ते शोधू.

टॅलीत बँक खात्याचा मेळ उघडा आणि कालावधीची शेवटची तारीख एकेक महिना मागे नेत चला. दर वेळी खाली `Balance as per Bank` ची रक्कम येईल. ती त्या तारखेच्या स्टेटमेंटवरच्या शिल्लकेशी ताडून बघा. बँकेच्या तारखा नीट टाकलेल्या असतील, तर ही रक्कम फक्त ३१ मार्चलाच नव्हे, वर्षातल्या *कोणत्याही* दिवशी स्टेटमेंटच्या शिल्लकेइतकी यायला हवी. मार्चमध्ये वटलेला चेक तुम्ही डिसेंबरअखेर बघताना टॅली न वटलेलाच धरते, त्यामुळे जुन्या तारखेचं चित्रही खरंच उमटतं.

बारा आकडे काढा आणि इथे टाका. फरक = टॅलीची रक्कम वजा स्टेटमेंटची रक्कम.

---

आर्टिकल_दुसरं_वर्ष

मीही हेच सुचवणार होतो, पण त्याआधी ३१ मार्च २०२४ बघा. मागच्या वर्षीची सुरुवातीची बाकीच चुकीची असेल, तर फरक पहिल्या दिवसापासून तसाच दिसेल आणि यंदाच्या नोंदी चाळून काहीही हाती लागणार नाही. आमच्या ऑफिसला येणाऱ्या सोसायट्यांमध्ये हे हमखास निघतं, कारण खजिनदार बदलतो आणि न वटलेल्या जुन्या चेकची यादी पुढच्याच्या हाती जातच नाही.

---

वेलदोडा

बसून काढले. खतावणीकाका, डोकं गरगरलं माझं.

३१ मार्च २०२४: ०
एप्रिल ते ऑक्टोबर २०२४, प्रत्येक महिनाअखेर: ०
३० नोव्हेंबर: ६३.००
३१ डिसेंबर: ६३.००
३१ जानेवारी: ६३.००
२८ फेब्रुवारी: ६३.००
३१ मार्च २०२५: ४५.३०

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या चारही महिन्यांचे कागद काढले. सगळ्यांवर फरक शून्य आणि खाली तिघांच्या सह्या! आज टॅली म्हणते ६३. आणि मी महिनाभर मार्च उकरत बसले.

---

खतावणी

आता गाडी रुळावर आली. तुमच्याकडे एक फरक नाही, दोन आहेत, आणि ते विरुद्ध दिशेचे आहेत.

नोव्हेंबरमध्ये ६३ आला आणि तसाच राहिला. मार्चमध्ये तो ४५.३० वर उतरला, म्हणजे १७.७० ने कमी झाला. ६३ वजा १७.७०. म्हणून ४५.३० हा आकडा तुम्हाला कुठल्याच पानावर दिसत नव्हता. तो कोणत्याही नोंदीचा आकडाच नाही, दोन चुकांची वजाबाकी आहे.

गणोबा, तुमची नऊची चाचणी बरोबर आहे, पण ती एकट्या चुकीला लागू पडते. दोन चुका एकत्र झाल्या की बेरजेला नऊने भाग जाईलच असं नाही, आणि आपण 'अदलाबदल नाही' म्हणून मोकळे होतो. आता ६३ ला लावून बघा.

---

गणोबा

६३ = ९ × ७. आला की भाग! म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल असेल, तर त्या दोन आकड्यांत सातचं अंतर हवं. ८१ चे १८, ९२ चे २९ किंवा ७० चे ०७. नोव्हेंबरमध्ये रुपयांत १८, २९ किंवा ०७ ने संपणाऱ्या नोंदी बघा, सापडलाच समजा. मी म्हटलंच होतं नऊने भागा म्हणून.

---

आर्टिकल_दुसरं_वर्ष

तुम्ही म्हटलं होतं विषय डोक्यातून काढून टाका म्हणून :)

---

खतावणी

असू दे. ताई, अदलाबदल असेलच असं धरून चालू नका, ६३ ची एखादी नोंद पूर्णपणे राहूनही गेलेली असू शकते. आधी दिवस पकडा. नोव्हेंबर अर्धा कापा. १५ तारखेला फरक असेल तर पहिल्या पंधरवड्यात शोधा, नसेल तर दुसऱ्या. मग तोही अर्धा करा. चार-पाच वेळा तारीख बदलली की एकाच दिवसावर येऊन ठेपाल.

वाटेत एक गोष्ट लक्षात ठेवा. मध्येच एखादा मोठा फरक दिसेल आणि दोन-चार दिवसांनी आपोआप नाहीसा होईल. त्याला घाबरू नका आणि त्याच्या मागेही लागू नका. ती रकमेची चूक नसते, बँकेची तारीख एक-दोन दिवस इकडेतिकडे पडलेली असते. जो फरक येतो आणि जात नाही, तोच आपला.

---

रिकामा_रकाना

दर वेळी टॅलीत तारीख बदलण्यापेक्षा एक्सेल बरं. दोन पानं करा, Book आणि Bank. दोन्हींत B रकान्यात बँकेची तारीख आणि C मध्ये रक्कम: जमा असेल तर अधिक, खर्च असेल तर उणे. तिसऱ्या पानावर A रकान्यात वर्षाचे सगळे दिवस ओळीने लिहा आणि शेजारी हे सूत्र टाकून खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(SUMIFS(Book!C:C,Book!B:B,"<="&A2)-SUMIFS(Bank!C:C,Bank!B:B,"<="&A2),2)
```

त्या दिवसापर्यंतचा एकूण फरक समोर येतो. ज्या ओळीत आकडा बदलतो, तो दिवस. `ROUND` काढू नका, नाहीतर पैशांच्या बेरजेत एक्सेल दहाव्या दशांशाला कचरा दाखवतं आणि शून्य शून्य दिसत नाही. आणि ३१ मार्च २०२४ ला न वटलेले जुने चेकही Book मध्ये हवेत, नाहीतर ते वटतील त्या दिवशी खोटा फरक उभा राहील.

---

वेलदोडा

आधी एक्सेल करून बघितलं तर लाखांत फरक! मग कळलं की पीडीएफमधून उतरवलेल्या अर्ध्या तारखा एक्सेलला तारखा वाटतच नव्हत्या, नुसता मजकूर होता. त्या सुधारून होईपर्यंत टॅलीतच उत्तर मिळालं.

१५ नोव्हेंबर: ६३
७ नोव्हेंबर: ०
मध्ये ५ आणि ६ तारखेला ३,२०० चा फरक दिसला आणि ७ ला गेला. काकांनी सांगितलं होतं म्हणून दचकले नाही. एका सभासदाचा चेक ५ ला भरला होता, स्टेटमेंटवर ७ ला जमा आहे, आणि बँकेची तारीख म्हणून आमच्याकडे भरणा पावतीवरची ५ पडली आहे.
८ नोव्हेंबर: ०
९ आणि १० ला दुसरा शनिवार आणि रविवार, बँक बंद.
११ नोव्हेंबर: ६३

११ तारखेला स्टेटमेंटवर तीनच ओळी आहेत. दोन मेंटेनन्सच्या जमा, त्या बरोबर. तिसरी पंप दुरुस्तीवाल्याचा चेक, ४,५८१. टॅलीत त्याच चेक नंबरपुढे ४,५१८!!

गणोबा, ८१ चे १८. मानलं.

---

गणोबा

🙏 नऊ कधी फसवत नाही.

---

सांगलीचा_दुकानदार

पण ताई, तुम्ही तर म्हणालात सगळे चेक जुळवले. मग हा कसा जुळला?

---

खतावणी

दुकानदारसाहेब, या सगळ्या प्रकरणाची मेख तुम्ही बरोबर धरलीत.

हाताने मेळ घालताना माणूस चेक नंबर बघतो. स्टेटमेंटवर ३४७ नंबर दिसला, टॅलीत ३४७ दिसला, तारीख टाकली, पुढे. रकमेवर नजर जाते, पण ४,५८१ आणि ४,५१८ घाईत सारखेच दिसतात. पहिले दोन आकडे जुळले की डोळा पुढे सरकतो. आणि बँकेची तारीख दिली की 'ही नोंद त्या दिवशी बँकेत गेली' एवढंच टॅली धरते, तेही *पुस्तकात लिहिलेल्या* रकमेने. स्टेटमेंटवर किती लिहिलंय हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून 'सगळं जुळलं' याचा अर्थ फक्त एवढाच, की प्रत्येक नोंदीला एक तारीख मिळाली.

आता ताई, पुसण्याबदलण्याआधी तीन कागद समोर घ्या: चेकबुकाचा अर्धुक, पंपवाल्याचं बिल, आणि टॅलीतलं पंपवाल्याचं खातं. चूक पुस्तकाची की बँकेची, हे त्यावरूनच ठरेल. बँकही क्वचित चुकते. अर्धुकावर ४,५१८ निघाले तर शाखेत जाऊन चेकची प्रतिमा मागा; आता चेक प्रतिमेवरूनच वटतात, ती त्यांच्याकडे असते.

---

वेलदोडा

अर्धुकावर ४,५८१. बिल ४,५८१. आणि पंपवाल्याच्या खात्यात नोव्हेंबरपासून ६३ रुपये देणं उभं आहे! मी ते मागच्याच महिन्यात बघितलं होतं आणि वाटलं, असेल काही जुनं.

हिशेबनीसांना फोन लावला. ते म्हणाले, पंप दुरुस्ती आधी चुकून वीज खर्चात गेली होती, ती दुरुस्ती खर्चात घ्यायला त्यांनी मार्चमध्ये जुनी नोंद पुसली आणि बिल आणि चेक दोन्ही नव्याने घातले. बिल बरोबर आलं, चेकला आकडे फिरले. नवी नोंद मेळात बिनतारखेची दिसली, तेव्हा स्टेटमेंटवर ३४७ शोधून तारीख टाकली. म्हणजे नोव्हेंबरचा कागद खराच होता.

---

आर्टिकल_दुसरं_वर्ष

म्हणूनच कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदीतला प्रत्येक बदल टिपून ठेवणारं, आणि ते टिपणं बंद न करता येणारं सॉफ्टवेअर सक्तीचं झालं. सोसायट्यांना ते लागू नाही, पण तुमच्या टॅलीच्या आवृत्तीत सोय असेल तर चालू करून ठेवा. कोणी, कधी, किती बदललं ते एका जागी दिसतं.

---

खतावणी

आता मार्चचे १७.७०. हा आकडा बघितल्याबरोबर ओळखीचा वाटायला हवा: पंधरा रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एसएमएसचे. पण दिशा बघा. फरक *कमी* झालाय, म्हणजे मार्चमध्ये बँकेपेक्षा पुस्तकातून १७.७० जास्त गेलेत, किंवा बँकेत १७.७० जास्त आलेत. शक्यता दोन: तुम्ही एकच चार्ज दोनदा लिहिलाय, किंवा बँकेने तो परत केलाय आणि तुम्ही ते लिहिलं नाही.

कुठली ते ठरवायला मार्चच्या बेरजा जमा आणि खर्च अशा वेगळ्या करा, आणि त्या बँकेच्या तारखेप्रमाणे करा. जमेच्या बेरजेत फरक असेल तर बँकेने परत दिलेत. खर्चाच्या बेरजेत असेल तर तुमची नोंद दुहेरी झाली आहे.

---

वेलदोडा

जमेची बेरीज पैशापर्यंत सारखी आहे. खर्चाची पुस्तकात १७.७० ने जास्त आहे.

आणि सापडलं. २४ मार्चला मोबाइलवर संदेश आला तेव्हा मी स्वतःच नोंद केली होती. महिनाअखेरीस हिशेबनीसांनी स्टेटमेंटवरून पुन्हा केली. मी 'बँक चार्जेस' खाती, त्यांनी 'एसएमएस खर्च' खाती. दोन वेगळ्या खात्यांत असल्यामुळे एकाखाली एक दिसल्याच नाहीत. स्टेटमेंटवर ओळ एकच, आणि आम्ही दोघांनी आपापल्या नोंदीपुढे २४ मार्च टाकला.

हिशेब करून बघितला. २,१८,७६४.५० मधून ६३ वजा, त्यात १७.७० मिळवले: २,१८,७१९.२०. त्यात न वटलेले ४६,३००, आणि जमा न झालेले १२,८५० वजा: २,५२,१६९.२०. स्टेटमेंट!

---

चालतंय_की

अभिनंदन. पण प्रामाणिकपणे सांगतो, ४५ रुपयांसाठी मी एवढं केलं नसतं.

---

खतावणी

तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही. वेळेलाही किंमत असतेच. पण ताईंनी ४५.३० बँक चार्जेसला टाकले असते तर काय झालं असतं ते बघा. आधीच दुहेरी पडलेल्या चार्जेसमध्ये न झालेला आणखी खर्च पडला असता, पंपवाल्याचे ६३ देणे म्हणून तसेच राहिले असते, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी ते बघून त्याला ६३ चा चेकही दिला असता.

रक्कम छोटी आहे म्हणून चूकही छोटी असं मेळात धरता येत नाही. ४५ हे ६३ आणि १७ चे होते, तसेच ते ४०,०४५ आणि ४०,००० चेही असू शकले असते. ते दोन आहेत की एक, एवढं कळेपर्यंत तरी शोधायलाच हवं. बारा महिन्यांचे बारा आकडे काढायला अर्धा तास लागतो. एकच आहे, एकाच दिवशी आलाय, आणि तरी कारण मिळत नाही असं ठरलं, तर मग तुमच्या मार्गाने जायला माझी हरकत नाही.

---

चालतंय_की

४०,०४५ चं उदाहरण मात्र टोचलं. आमचे गेल्या वर्षीचे ८८ रुपये बघतो एकदा.

---

वेलदोडा

आता दुरुस्ती कशी करू? नोव्हेंबरची नोंद उघडून ४,५८१ करू आणि मार्चची एक नोंद पुसू?

---

आर्टिकल_दुसरं_वर्ष

अजिबात नको. पुसण्यातूनच हे सगळं झालंय. ३१ मार्चला दोन नव्या नोंदी करा: पंपवाल्याला ६३ नावे, बँक जमा, आणि बँक १७.७० नावे, एसएमएस खर्च जमा. दोन्हींच्या तपशिलात कारण लिहा. ऑडिटरला माग दिसला पाहिजे.

---

खतावणी

इथे माझं मत वेगळं आहे. ३१ मार्चची नोंद केलीत तर वर्षअखेर जुळेल, पण मेळात स्टेटमेंटची एक ओळ आणि पुस्तकाच्या दोन नोंदी असं कायमचं राहील. त्या ६३ ला बँकेची तारीख कुठली द्यायची? ११ नोव्हेंबर द्यावी तर नोंद झाली ३१ मार्चला. ३१ मार्च द्यावी तर मधले चार महिने टॅली ६३ चा फरक दाखवतच राहणार. शिवाय आज टॅलीत असलेली नोंद सह्या झालेल्या कागदाशी जुळत *नाही*. ४,५८१ केलीत की जुळेल. तुम्ही सही झालेलं बदलत नाही आहात, बदललेलं परत जागेवर आणता आहात. वर्षाचा हिशेब अजून ऑडिटरकडे गेलेला नाही. मी असतो तर ११ नोव्हेंबरची नोंदच सरळ केली असती आणि तपशिलात दोन ओळी लिहिल्या असत्या.

दुहेरी १७.७० बाबत मात्र तुमचं पटतं, पण वेगळ्या कारणाने: कुठल्या खात्यात ठेवायचे ते कमिटीला ठरवू द्या.

---

आर्टिकल_दुसरं_वर्ष

आमचे सर ऐकणार नाहीत. 'मागच्या तारखेला हात लावायचा नाही' म्हणजे नाही. हिशेब ऑडिटला गेला असता तर तुम्हीही हेच म्हणाला असतात ना?

---

खतावणी

गेला असता तर हो.

---

वेलदोडा

दोन्ही लिहून घेतलंय, शनिवारी ऑडिटरांना विचारते. तोवर काही बदलत नाही. कमिटीत एवढं मात्र ठरलं, की चार्जेसच्या नोंदी फक्त हिशेबनीस करणार आणि फक्त स्टेटमेंटवरून. मी मोबाइलवरून काही लिहिणार नाही. आणि मेळ छापायच्या आधी मागच्या महिन्याची `Balance as per Bank` पुन्हा उघडून बघायची.

---

सांगलीचा_दुकानदार

काका, मीही तुमच्यासारखे आकडे काढले. माझा फरक कधीच थांबत नाही. एप्रिलअखेर २,१४०, मेअखेर ४,४०० च्या वर, जूनअखेर साडेसहा हजार. रोज थोडा थोडा चढतोय. कुठला दिवस पकडू?

---

खतावणी

कुठलाच नाही. एकदा येऊन थांबणारा फरक म्हणजे एक नोंद चुकली. रोज चढणारा फरक म्हणजे नोंद करायची पद्धतच चुकली. तुम्ही कार्डची विक्री पूर्ण रकमेने थेट बँकेत जमा लिहिता, बँक कापून देते. कार्डसाठी वेगळं खातं उघडा. विक्री पूर्ण रकमेने तिथे लिहा, आणि बँकेत आली तेवढीच रक्कम त्यातून बँकेकडे वळती करा. मागे राहील ती कपात आणि तिच्यावरचा जीएसटी.

पण महिन्याचा चढ मोजून बघा. २,१४०, मग साधारण २,२६०, मग पुन्हा २,१०० च्या आसपास. तुमची महिन्याची क्रेडिट कार्डची विक्री किती? १.८ टक्के आणि वर जीएसटी धरून तेवढीच कपात बसते का ते सांगा. बसली तर संपलं. नाही बसली, तर कार्डच्या आड आणखी काहीतरी दडलंय.

---

सांगलीचा_दुकानदार

विक्री महिन्याला लाखाच्या आसपास, कधी थोडी कमी.

---

खतावणी

लाखावर कपात जीएसटीसह २,१२४ होते. एप्रिल आणि जून साधारण बसतात. मे बसत नाही, सव्वाशे-दीडशे जास्त आहेत. मेची दिवसवार सेटलमेंटची यादी काढा आणि वेगळ्या धाग्यात टाका, हा वेलदोडाताईंचा आहे.